वाचनालयाच्या इंग्रजी अहवालातली पाच वाक्यं: 'वन ऑफ द', 'अ नंबर ऑफ', 'द नंबर ऑफ', 'अलाँग विथ', 'ॲज वेल ॲज'

डिचोलीकर

नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात एक छोटं वाचनालय आहे. यंदा एका ट्रस्टकडून पुस्तकांच्या कपाटांसाठी देणगी मिळायची शक्यता आहे आणि त्यांना वार्षिक अहवाल इंग्रजीत हवा आहे. अहवाल चौघांनी मिळून लिहिला. काल बैठकीत तो मोठ्याने वाचायला घेतला आणि पाच वाक्यांवर गाडी अडली. प्रत्येकाचं मत वेगळं आणि प्रत्येकाकडे आपापलं कारण. वाक्यं जशी लिहिली आहेत तशीच देतो:

१. 'वन ऑफ द व्हॉलंटियर्स हॅव कॅटलॉग्ड द ओल्ड मराठी नॉव्हेल्स.'
२. 'अ नंबर ऑफ बुक्स वॉज डोनेटेड बाय फॅमिलीज फ्रॉम साखळी.'
३. 'द नंबर ऑफ रीडर्स हू कम इन द इव्हनिंग हॅव इन्क्रीज्ड.'
४. 'द प्रेसिडेंट, अलाँग विथ टू मेंबर्स, वॉज प्रेझेंट ॲट द वर्कशॉप इन मडगाव.'
५. 'द लायब्ररियन ॲज वेल ॲज द हेल्पर्स टेक्स केअर ऑफ द चिल्ड्रन्स सेक्शन.'

खजिनदारांचं म्हणणं असं की दुसऱ्यात 'अ' आहे, 'अ' म्हणजे एक, म्हणून 'वॉज' बरोबर. चौथ्यात मात्र तीन माणसं मडगावला गेली होती, तेव्हा 'वेअर' पाहिजे. शिवाय अध्यक्षांसाठी 'वॉज' लिहिणं बरं दिसत नाही, असंही दोघांना वाटतं. नुसतं उत्तर नको, कारणही सांगा. पुढच्या वर्षी हाच अहवाल पुन्हा लिहायचा आहे.

---

शिगम्याचा ढोल

सोपा उपाय आहे. क्रियापदाच्या लगेच अलीकडे जे नाम असतं ते बघायचं. ते अनेकवचनी असेल तर क्रियापद अनेकवचनी. आम्हाला शाळेत असंच शिकवलं होतं. म्हणजे पहिल्यात 'व्हॉलंटियर्स' आहे, 'हॅव' बरोबर. दुसऱ्यात 'बुक्स वेअर'. चौथ्यात 'मेंबर्स वेअर'. पाचव्यात 'हेल्पर्स टेक'. तिसऱ्यात मध्ये 'इव्हनिंग' येतं, तिथे मात्र जरा गडबड आहे.

---

नमिता, फोंडा

ढोल, तुमचा नियम खोटा नाही, पण तो दुसऱ्या ठिकाणचा आहे. 'आयदर–ऑर' आणि 'नायदर–नॉर' या जोड्यांमध्ये जवळचं नाम बघतात: 'नायदर द लायब्ररियन नॉर द हेल्पर्स आर हिअर'. तो इथे लावला तर पाचांपैकी तीन उत्तरं चुकतील. दुसऱ्याचं उत्तर बरोबर येतं, पण वेगळ्या कारणाने. तिसऱ्यात 'इव्हनिंग'पाशी अडखळलात ना, तिथेच कळतं की जवळचं नाम बघून भागत नाही.

मी उच्च माध्यमिकला इंग्रजी शिकवते. ही चूक आपल्या मुलांकडून का होते, ते आधी सांगते.

मराठीत आपण म्हणतो, 'स्वयंसेवकांपैकी एक जण आजारी आहे.' अनेकवचनी शब्द आधी येऊन जातो आणि 'एक जण' क्रियापदाला चिकटून असतो. चूक करायला जागाच नाही. इंग्रजीत हे उलटं होतं. 'वन' आधी येतो, मग 'ऑफ द व्हॉलंटियर्स', मग क्रियापद. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एक अनेकवचनी नाम येऊन बसतं आणि जिभेवर शेवटचा आवाज 'व्हॉलंटियर्स'चा राहतो. म्हणून हात आपोआप 'हॅव' लिहितो. इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही घाईत हेच करतात.

उपाय पेन्सिलीचा. 'ऑफ'पासून त्या नामापर्यंतचा भाग खोडा आणि उरलेलं वाचा. 'वन … हॅव कॅटलॉग्ड'? नाही. 'वन … हॅज कॅटलॉग्ड.' पहिलं वाक्य सुटलं.

तिसऱ्यातही तेच करा, फक्त खोडायचा भाग लांब आहे: 'ऑफ रीडर्स हू कम इन द इव्हनिंग'. उरलं 'द नंबर … हॅज इन्क्रीज्ड'. वाचकांची *संख्या* वाढली. मराठीत आपण 'वाचकांची संख्या वाढले' असं कधी म्हणू का? कान लगेच नाकारतो. इंग्रजीत तोच कान वापरायचा आहे.

या तिसऱ्या वाक्यात मात्र एक गोष्ट नीट बघा. खोडलेल्या भागात दुसरं क्रियापद आहे, 'कम'. ते 'कम्स' करू नका. संध्याकाळी येतात ते वाचक, संख्या येत नाही. एकाच वाक्यात 'रीडर्स हू कम' अनेकवचनी आणि 'द नंबर हॅज' एकवचनी, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. तुमच्या मसुद्यात 'कम' योग्यच आहे, फक्त 'हॅव' बदला.

दुसऱ्या वाक्याला ही पेन्सिल चालत नाही. त्याबद्दल रात्री लिहिते, आता वर्ग आहे.

---

माशेलचा वाचक

चर्चा छान चालली आहे. हे 'सह'चं कोडं मलाही पडतं. बातमीत 'आमदारांसह कार्यकर्ते उपस्थित होते' असं छापतात. मग 'कार्यकर्त्यांसह आमदार उपस्थित होते' हे चूक का? की दोन्ही चालतं? आमच्या मंडळाच्या पत्रकात दरवेळी यावरून वाद होतो.

---

डिचोलीकर

माशेलकर बाब, आमचा प्रश्न इंग्रजीचा आहे, मराठीचा नव्हे.

---

नमिता, फोंडा

असू दे डिचोलीकर, त्यांनी विचारलं ते चौथ्या वाक्यासाठी फार कामाचं आहे.

माशेलकर, दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. 'सह' ज्याला लागतो तो कर्ता राहत नाही, उरतो तो कर्ता. पण तुमच्या उदाहरणात हा फरक डोळ्यांना दिसत नाही, कारण 'कार्यकर्ते'ही 'होते' आणि आदरार्थी 'आमदार'ही 'होते'. आदर काढून बघा. 'मुलांसह कुत्रा आला.' 'कुत्र्यासह मुलं आली.' पहिल्यात कितीही मुलं असली तरी क्रियापद कुत्र्याचं. 'मुलांसह कुत्रा आले' कुणी म्हणत नाही.

'अलाँग विथ' अगदी तसंच वागतं. 'टुगेदर विथ', 'इन ॲडिशन टू' आणि नुसतं 'विथ' हेही त्याच जातीचे. त्यांच्या मागून येणारी माणसं क्रियापदाच्या हिशेबात धरत नाहीत. 'द प्रेसिडेंट, अलाँग विथ टू मेंबर्स, वॉज प्रेझेंट.' तुमचं चौथं वाक्य लिहिलं आहे तसंच बरोबर आहे. दोन स्वल्पविरामांमधला भाग उचलून बाहेर ठेवला तरी वाक्य उभं राहतं.

खजिनदार म्हणतात तीन माणसं गेली, ते खरंच आहे. पण क्रियापद माणसं मोजत नाही, वाक्यात कर्त्याच्या जागी कोण बसवलं आहे ते बघतं. तिघांनाही कर्ता करायचं असेल तर त्यासाठी 'अँड' आहे: 'द प्रेसिडेंट अँड टू मेंबर्स वेअर प्रेझेंट'. हेही तितकंच शुद्ध. फरक एवढाच की पहिल्यात बातमी अध्यक्षांची आहे, दुसऱ्यात तिघांची.

आता आदराचं. ही अडचण खरी आहे आणि आपल्याकडे सगळ्यांना येते. 'अध्यक्ष आले', 'सर आले आहेत', 'आजोबा जेवले' असं म्हणताना आपण एका माणसाला अनेकवचन देतो. ती सवय इंग्रजीत बरोबर येते. 'द हेडमास्टर हॅव कम' असं लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि ती आदरापोटीच लिहितात. 'अलाँग विथ'च्या वाक्यात तर दोन ओढ एकाच दिशेने लागतात: शेजारी 'मेंबर्स' आणि मनात आदर. इंग्रजी क्रियापदात आदराचं अनेकवचन नाही. राष्ट्रपतींसाठीही 'वॉज'च. आदर दाखवायचा तर तो नावाच्या आधीच्या उपाधीत दाखवा.

---

डिचोलीकर

ताई, हे बैठकीत वाचून दाखवणार. पण खरं सांगायचं तर आमच्यातले एक ज्येष्ठ सभासद 'वॉज' बघून नाराज होणार. नियम पटला तरी मनाला खुपणार. काही मधला मार्ग?

---

प्रूफवाला, पणजी

आहे की. क्रियापदच बदला. 'द प्रेसिडेंट, अलाँग विथ टू मेंबर्स, अटेंडेड द वर्कशॉप इन मडगाव.' इंग्रजी भूतकाळात एकवचन-अनेकवचन फक्त 'वॉज' आणि 'वेअर'मध्ये दिसतं. 'अटेंडेड', 'केम', 'डोनेटेड', 'हॅड' यांना फरक पडत नाही. अहवाल बहुतेक भूतकाळातच असतो, त्यामुळे साधं क्रियापद वापरलं की निम्मे वाद आपोआप मिटतात. वाक्यही आटोपशीर होतं. 'वॉज प्रेझेंट ॲट' असे तीन शब्द कशाला, एक पुरतो.

दुसऱ्या वाक्याचंही तसंच: 'फॅमिलीज फ्रॉम साखळी डोनेटेड अ नंबर ऑफ बुक्स'. 'अ नंबर ऑफ' कर्म झालं, प्रश्नच उरला नाही.

वर्तमानकाळात मात्र सुटका नाही. 'टेक' की 'टेक्स', 'हॅज' की 'हॅव', 'इज' की 'आर' हे ठरवावंच लागतं.

---

खाजन

प्रूफवाल्यांचा उपाय अहवालाला ठीक आहे, पण मी भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करतोय. तिथे वाक्य बदलता येत नाही, दिलेल्या चार पर्यायांतून निवडायचं असतं. 'अ नंबर ऑफ'चं कारण सांगा ना. 'अ' म्हणजे एक, हा खजिनदारांचा मुद्दा मला तरी पटण्यासारखा वाटतो. 'द नंबर' एकवचनी आणि 'अ नंबर' अनेकवचनी, हे उलटं नाही का वाटत?

---

नमिता, फोंडा

वाटतं, आणि म्हणूनच परीक्षेत विचारतात.

नुसत्या 'अ'वर नजर ठेवली की फसायला होतं. 'अ लॉट ऑफ पीपल'मध्येही 'अ' आहे, पण 'अ लॉट ऑफ पीपल इज' आपण म्हणत नाही, 'आर' म्हणतो. 'अ फ्यू'मध्येही 'अ' आहे. 'अ नंबर ऑफ' याच घरातलं. हे तीन शब्द मिळून 'अनेक' किंवा 'बरीच' एवढंच सांगतात. इथे 'नंबर' कर्ता नसतो, पुढच्या नामाचं विशेषण झालेला असतो. 'बरीच पुस्तकं आली' या वाक्यात कर्ता पुस्तकं, 'बरीच' नव्हे.

म्हणून पेन्सिल चालत नाही म्हटलं. 'ऑफ बुक्स' खोडलं तर 'अ नंबर वॉज डोनेटेड' उरतं, म्हणजे कुणी एक आकडा दान केला. अर्थच गेला. 'द नंबर ऑफ रीडर्स'मध्ये खोडल्यावर 'द नंबर हॅज इन्क्रीज्ड' उरतं, संख्या वाढली, अर्थ शाबूत. खोडून अर्थ राहतो का, हीच कसोटी. राहिला तर 'नंबर' कर्ता आहे, क्रियापद एकवचनी. नाही राहिला तर पुढचं नाम कर्ता आहे.

परीक्षेत वेळ नसेल तर 'अ नंबर ऑफ'च्या जागी 'मेनी' घालून बघा: 'मेनी बुक्स वेअर डोनेटेड'. जमलं. 'द नंबर ऑफ'च्या जागी 'मेनी' घाला: 'मेनी रीडर्स हॅव इन्क्रीज्ड', म्हणजे पुष्कळ वाचक वाढले, मोठे झाले. अर्थ बिघडला, म्हणजे तिथे ते चालत नाही.

एकच प्रसंग दोन्हीकडून बघा. शिगम्याच्या मिरवणुकीत: 'अ नंबर ऑफ फ्लोट्स वेअर लेट', बरेच चित्ररथ उशिरा आले. 'द नंबर ऑफ फ्लोट्स वॉज स्मॉल', चित्ररथांची संख्या कमी होती. उशीर चित्ररथांना होतो, कमी असते ती संख्या. क्रियापदाच्या पुढे जे सांगितलं आहे ते कुणाला लागू पडतं ते विचारलं की बहुतेक वेळा चूक होत नाही.

'लार्ज', 'ग्रोइंग', 'स्मॉल' असं विशेषण मध्ये आलं तरी तेच. 'अ लार्ज नंबर ऑफ पिल्ग्रिम्स आर वेटिंग.' आणि 'देअर'ने सुरुवात झाली तरी तेच: 'देअर आर अ नंबर ऑफ रीझन्स'. तिथे 'इज' दिसला तर तो चुकीचा पर्याय समजा.

---

खाजन

म्हणजे 'अ नंबर ऑफ' दिसला की डोळे मिटून 'आर'?

---

नमिता, फोंडा

डोळे उघडे ठेवा. 'अ नंबर ऑफ सिक्स डिजिट्स इज प्रिंटेड ऑन द कार्ड.' इथे 'नंबर' म्हणजे खराखुरा क्रमांक आहे, सहा आकडी एकच क्रमांक. 'मेनी डिजिट्स आर प्रिंटेड' असा अर्थ नाही. असं वाक्य क्वचितच भेटतं, पण कसोटी लावली तर इथेही उत्तर बरोबर येतं.

---

कळंगुट रिसेप्शन

मी हॉटेलात रिसेप्शनला आहे, रोज पाहुण्यांना इंग्रजीत मेल लिहावे लागतात. 'वन ऑफ अवर गेस्ट हॅज लेफ्ट अ चार्जर इन द रूम' असं लिहिते. एक जणच आहे म्हणून 'गेस्ट' आणि 'हॅज' दोन्ही एकवचनी ठेवते. हे तर बरोबर ना? आणि 'वन ऑफ द लगेज इज मिसिंग' हेही वरचेवर लिहावं लागतं.

---

प्रूफवाला, पणजी

'हॅज' बरोबर, 'गेस्ट' चूक. 'वन ऑफ अवर गेस्ट्स हॅज लेफ्ट अ चार्जर.' एक जण कुणातला? पुष्कळ पाहुण्यांतला. ज्या घोळक्यातून एक उचलला तो घोळका अनेकवचनीच हवा. मराठीतही 'पाहुण्यांपैकी एक' म्हणतो, 'पाहुण्यापैकी एक' नाही. 'वन ऑफ माय फ्रेंड', 'वन ऑफ द बेस्ट बीच' ही चूक गोव्यातल्या पाट्यांवर, माहितीपत्रकांत मला सतत सापडते. छापण्यापूर्वी मी दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासतो: 'वन ऑफ द'नंतरचं नाम अनेकवचनी आहे का आणि त्यानंतरचं क्रियापद एकवचनी आहे का. लोक एक दुरुस्त करताना हमखास दुसरं बिघडवतात.

'लगेज'चं वेगळं आहे. त्याला अनेकवचन होत नाही, मग त्यातून 'वन' उचलणार कसा? 'वन ऑफ द बॅग्ज इज मिसिंग' लिहा, किंवा 'अ पीस ऑफ लगेज इज मिसिंग'. 'फर्निचर', 'इक्विपमेंट', 'इन्फर्मेशन' यांचंही तसंच. 'वन ऑफ द इक्विपमेंट्स' हे सरकारी निविदांतसुद्धा दिसतं, तरी चूकच.

---

कळंगुट रिसेप्शन

थँक्यू दादा. 'वन ऑफ द स्टाफ' पण चूक मग?

---

प्रूफवाला, पणजी

ते चालतं. 'स्टाफ' म्हणजे माणसांचा गट, त्यातला एक काढता येतो. 'वन ऑफ द स्टाफ विल कॉल यू' लिहायला हरकत नाही. 'वन ऑफ द स्टाफ मेंबर्स' जास्त स्पष्ट, एवढंच.

---

शिगम्याचा ढोल

माझा जवळच्या नामाचा नियम कुठे लागतो ते आता कळलं. पण पाचव्यावर अजून अडलोय. 'ॲज वेल ॲज' म्हणजे 'आणि'च ना? 'भात ॲज वेल ॲज आमटी' म्हणजे भात आणि आमटी. 'अँड'ला अनेकवचन, तर याला का नको? इंग्रजी पेपरातही 'ॲज वेल ॲज'च्या पुढे 'आर' वाचल्याचं मला पक्कं आठवतं.

---

नमिता, फोंडा

वाचलं असेल, खोटं नाही. या पाचांत सगळ्यात डळमळीत जागा हीच आहे.

आधी अर्थ घ्या. 'अँड' दोघांना एका पातळीवर ठेवतो. 'ॲज वेल ॲज'मध्ये वजन पहिल्यावर असतं आणि दुसरा माहीत असल्यासारखा जोडलेला असतो. 'द लायब्ररियन ॲज वेल ॲज द हेल्पर्स' म्हणजे मदतनीस तर बघतातच, ग्रंथपालही बघतात. नवी बातमी ग्रंथपालांची. म्हणून क्रियापद त्यांचं, 'टेक्स'. तुमचं पाचवं वाक्य बरोबर आहे. फक्त 'ॲज वेल ॲज द हेल्पर्स'च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्या, म्हणजे वाचणाऱ्याला 'हेल्पर्स टेक्स' असं सलग ऐकू येणार नाही.

मात्र बोलण्यात आणि काही लेखनातही लोक 'ॲज वेल ॲज' हे 'अँड'सारखं वापरतात आणि अनेकवचन लावतात, विशेषतः स्वल्पविराम नसताना. व्याकरण लिहिणाऱ्यांतही यावर पूर्ण एकमत नाही. परीक्षेत आणि औपचारिक कागदावर मी एकवचनच लिहायला सांगते, कारण तिथे त्यावर कुणी बोट ठेवत नाही.

डिचोलीकर, तुमच्या वाक्यात ग्रंथपाल आणि मदतनीस दोघंही बालविभाग बघतात, असंच सांगायचं आहे ना? मग 'ॲज वेल ॲज' हवंच कशाला? 'द लायब्ररियन अँड द हेल्पर्स टेक केअर ऑफ द चिल्ड्रन्स सेक्शन.' माझ्या मते हे सर्वांत चांगलं. पुष्कळदा हे शब्द केवळ वाक्य भारदस्त दिसावं म्हणून येतात आणि मग क्रियापदाशी भांडण लावतात.

---

म्हापशेकर

माझं एक अडलंय, इथेच विचारतो. पंचायतीत अर्ज द्यायचा आहे, वाड्यावरच्या दिव्यांसाठी. 'आय, अलाँग विथ द रेसिडेंट्स ऑफ द वॉर्ड, रिक्वेस्ट्स यू' असं मी लिहिलं, कारण 'अलाँग विथ'ला एकवचन. मुलगी म्हणते 'एस' काढ. तिचं इंग्रजी माध्यम, पण कारण तिलाही सांगता येत नाही.

---

नमिता, फोंडा

मुलगी बरोबर आहे. 'अलाँग विथ'ला एकवचन असा नियमच नाही. नियम असा की त्याच्या आधी जो आहे त्याचं क्रियापद. आधी 'आय' आहे, आणि 'आय रिक्वेस्ट' म्हणतात, 'आय रिक्वेस्ट्स' नव्हे. तसंच 'आय, अलाँग विथ माय नेबर्स, ॲम रायटिंग'. 'इज रायटिंग'ही नाही, 'आर रायटिंग'ही नाही. आणि आधी अनेकवचन असेल तर क्रियापद अनेकवचनी: 'द रेसिडेंट्स, अलाँग विथ द पंच, आर रिक्वेस्टिंग'.

अर्जावर सगळ्यांच्या सह्या असतील तर सरळ 'वी, द रेसिडेंट्स ऑफ द वॉर्ड, रिक्वेस्ट' लिहा. अर्जाला वजनही येतं.

---

प्रूफवाला, पणजी

नमिताताई, एक वाक्य तुमच्यासमोर ठेवतो. यावर माझा आणि माझ्या सहकाऱ्याचा मतभेद आहे. वाचनालयाचंच उदाहरण करतो:

'शी इज वन ऑफ द रीडर्स हू कम एव्हरी डे.'

'कम' की 'कम्स'? मी 'कम' ठेवतो. रोज येणारे बरेच वाचक आहेत, ती त्यांतली एक. 'हू' वाचकांना लागतो. सहकारी म्हणतो, वाक्य तिच्याबद्दल आहे, आणि 'वन'ला एकवचन हा नियम आपणच सांगतो, मग 'कम्स'.

---

नमिता, फोंडा

मी तुमच्या बाजूने. इथे दोन क्रियापदं आहेत. 'शी इज' तिचं, आणि 'हू'नंतरचं वाचकांचं. वाक्य उलटं करून बघा: 'ऑफ द रीडर्स हू कम एव्हरी डे, शी इज वन.' असं फिरवल्यावर 'कम्स' लिहायला हात धजत नाही. वरच्या तिसऱ्या वाक्यातल्या 'रीडर्स हू कम'शीही हे जुळतं.

'ओन्ली' आला की मात्र पारडं फिरतं. 'शी इज द ओन्ली वन ऑफ द रीडर्स हू कम्स एव्हरी डे.' रोज येणारी ती एकटीच, म्हणून 'कम्स'. इथे वाद नाही.

---

खाजन

आमच्या क्लासच्या सराव प्रश्नपत्रिकेत नेमकं 'वन ऑफ दोज हू'च्या पुढे 'हॅज' बरोबर धरलं आहे. आता परीक्षेत काय लिहू?

---

प्रूफवाला, पणजी

'हॅव' लिही. परीक्षक व्याकरणाच्या नेहमीच्या पुस्तकांप्रमाणे उत्तरपत्रिका बनवतात आणि त्यांत अनेकवचनच आहे. पण सहकाऱ्याचीही बाजू सांगतो: चांगले चांगले इंग्रजी लेखक इथे एकवचन लिहीत आले आहेत, आजही लिहितात. लेखकाचं लक्ष त्या एकावर असतं आणि क्रियापद तिकडे झुकतं. छापील मजकुरात मी ते बदलतो, पण लेखकाने हट्ट धरला तर सोडून देतो. 'वन ऑफ द व्हॉलंटियर्स हॅव' मात्र कुणाचंही असलं तरी सोडत नाही.

---

नमिता, फोंडा

मी सोडत नाही, 'हू'च्या वाक्यातही. वर्गात एकदा ढिलाई दिली की मुलं पुढच्या आठवड्यात 'रीडर्स हू कम्स' लिहायला लागतात.

---

डिचोलीकर

मंडळी, अहवाल दुरुस्त केला:

१. 'वन ऑफ द व्हॉलंटियर्स हॅज कॅटलॉग्ड द ओल्ड मराठी नॉव्हेल्स.'
२. 'अ नंबर ऑफ बुक्स वेअर डोनेटेड बाय फॅमिलीज फ्रॉम साखळी.'
३. 'द नंबर ऑफ रीडर्स हू कम इन द इव्हनिंग हॅज इन्क्रीज्ड.'
४. 'द प्रेसिडेंट, अलाँग विथ टू मेंबर्स, अटेंडेड द वर्कशॉप इन मडगाव.'
५. 'द लायब्ररियन अँड द हेल्पर्स टेक केअर ऑफ द चिल्ड्रन्स सेक्शन.'

दुसऱ्यात प्रूफवाल्यांनी सुचवलेला बदल घेतला नाही. त्या परिच्छेदात आधी पुस्तकांबद्दल लिहिलं आहे, म्हणून पुस्तकंच पुढे ठेवली. खजिनदारांना 'मेनी' घालून दाखवलं, त्यांनी लगेच मान्य केलं. चौथ्यावर ज्येष्ठांची तक्रार राहिली नाही.

एकच शंका. अहवालाच्या शेवटी आभारात असं आहे: 'अ नंबर ऑफ वेल-विशर्स, ॲज वेल ॲज द पंचायत, हॅज हेल्प्ड अस.' नियमाप्रमाणे 'हॅव' होणार, बरोबर?

---

नमिता, फोंडा

बरोबर, 'हॅव'. कर्ता 'वेल-विशर्स', 'अ नंबर ऑफ' म्हणजे बरेच, आणि पंचायत हिशेबाबाहेर. पण पंचायतीची मदत मोठी असेल तर तिला 'ॲज वेल ॲज'च्या मागे ठेवू नका. 'द पंचायत अँड अ नंबर ऑफ वेल-विशर्स हॅव हेल्प्ड अस' असं लिहा.

---

म्हापशेकर

'एस' काढला. 'वी, द रेसिडेंट्स' करून सह्या घेतोय.